नुसत्या भेगेचा फोटो

शनिवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळत असताना कमलिनी वैरागडेंच्या फोनवर एका अनोळखी नंबरावरून फोटो आला. ना नमस्कार, ना नाव, ना गाव. नुसती एक भेग. क्रीम रंगाच्या भिंतीवर खालून वर तिरकी गेलेली, लांबलचक, आणि फोटोच्या दोन्ही टोकांना कापली गेलेली. ती कुठून निघाली आणि कुठे संपली हे कळायला मार्गच नव्हता.

कमलिनीबाईंनी पोहे संपवले, हात धुतले आणि मग फोन उचलला. अशा फोटोंना त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. सरकारी बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, आता लोकांची घरं तपासून देत, आणि भोपाळच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी दर महिन्याला त्यांचा नंबर उदारपणे वाटत असे. त्यांनी लिहिलं, ‘भेग घरात नेमकी कुठे आहे? किती रुंद आहे? कधीपासून आहे?’

पलीकडे दोन निळ्या खुणा उमटल्या. मग आलं, ‘धोकादायक आहे का?’

बाईंच्या कपाळाला आठी पडली. तीन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचंही उत्तर नाही, वर उलट प्रश्न! फोटोतली भेग केसाएवढी असू शकते आणि हात जाईल एवढीही असू शकते. शेजारी काहीतरी ओळखीचं ठेवलं नाही तर कॅमेऱ्याला दोन्ही सारख्याच. पार्टिशनच्या भिंतीतली असेल तर गिलावा तडकला म्हणून सोडून द्यावी, छत उचलणाऱ्या भिंतीत असेल तर झोप उडावी. आणि कधीची आहे हे कळल्याशिवाय तर बोलूच नये. हे सगळं त्या हजार वेळा सांगून थकल्या होत्या.

त्यांनी तेच तीन प्रश्न पुन्हा पाठवले, जसेच्या तसे.

त्यांच्या या हट्टामागे एक कारण होतं आणि ते त्या कुणाला सांगत नसत. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी एका सद्गृहस्थाने असाच फोटो पाठवला होता. बाईंनी सहज लिहून टाकलं, ‘गंभीर दिसते, तिथे राहू नये.’ त्या एका ओळीची प्रिंट काढून त्याने आपल्या भाडेकरूला, दोन मुलींच्या विधवा आईला, आठ दिवसांत घराबाहेर काढलं. भेग खरं तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या पडदीला होती. बाईंना हे कळलं तेव्हा त्या बाईचं सामान रस्त्यावर येऊन गेलं होतं. तेव्हापासून मालकाने पाठवलेला, भावाने पाठवलेला, मुलाने पाठवलेला, कुठलाही फोटो त्या आधी संशयाने बघत. भिंत खोटं बोलत नाही, भिंतीचा फोटो काढणारा बोलतो, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं.

अर्ध्या तासाने उत्तरं आली. ‘मिसरोदचं घर आहे. मागच्या खोलीत, बाहेरची भिंत, शेजारच्या प्लॉटच्या बाजूची. काडेपेटीची काडी शिरते. पंधरा दिवसांपूर्वीची आहे.’ आणि त्याखाली, ‘शेजारी तीन आठवड्यांपासून बेसमेंटचा खड्डा खणतायत. वडील एकटे राहतात. मी आशय मुळावकर, पुण्याला असतो, मंडीदीपला कंपनीच्या कामासाठी आलोय, उद्या परत जातो. घर राहण्यायोग्य नाही असं तुम्ही लिहून द्याल का?’

शेवटचं वाक्य वाचलं आणि बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घर न बघता लिहून हवं? आणि उत्तरं तरी किती चोख! आधी एकाही प्रश्नाला हात लावायची तयारी नव्हती, आता पंधरा दिवस आणि तीन आठवडे कसे मापात बसवल्यासारखे आले. एकटा म्हातारा, मिसरोदला स्वतःचं घर, आणि उद्या परत जाणारा मुलगा. डाळीत काहीतरी काळं होतं.

पण एक अडचण होती. तो खरं बोलत असेल तर? शेजारी खोल खड्डा आणि त्यानंतर आठवड्याभरात बाहेरच्या भिंतीला नवी तिरकी भेग, ही जोडी कुठल्याही इंजिनिअरला सोमवारपर्यंत थांबू देत नाही. बाईंनी चरफडत पिशवी उचलली. तिच्यात टॉर्च, पट्टी, ओळंबा, बारीक पातं आणि भेगेची रुंदी मोजायचं पारदर्शक कार्ड कायम असे. ‘दुपारी येते,’ त्यांनी लिहिलं, ‘भिंतीला हात लावू नका. आणि भेगेविषयी वडिलांशी काही बोलू नका.’

मे महिन्याचं ऊन होतं. होशंगाबाद रोडवरून आत वळल्यावर तिसऱ्या गल्लीत घर सापडलं. बैठं, विटांचं, नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराचं. घराभोवतीचा सिमेंटचा पट्टा ठिकठिकाणी तुटून त्याच्या फटीतून वाळलेली काळी माती डोकावत होती. शेजारच्या प्लॉटवर पत्रे ठोकलेले होते.

दार उघडलं ते चाळिशीच्या आशयने. त्याच्या मागे बनियनवर घाईने शर्ट चढवत नाना उभे होते, म्हणजे त्याचे वडील नारायण मुळावकर. वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे यवतमाळकडचे, सगळी नोकरी इथल्या सरकारी कचेरीत. त्यांनी पाहुणीकडे पाहिलं आणि मुलाकडे पाहिलं, आणि त्या दोन नजरांत फारसा फरक नव्हता.

“याने बोलावलं नं तुम्हाला?” नानांनी विचारलं.

“हो. पण फी तुमच्याकडून घेते की यांच्याकडून, ते अजून ठरलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “त्यामुळे मी सध्या कुणाचीच नाही.”

नाना हसले नाहीत.

“आशय, तुम्ही बाहेर थांबा. मला आधी यांच्याशी बोलायचंय.”

“मी पण असतो ना, मॅडम. बाबा सगळं नीट नाही सांगत.”

“म्हणूनच बाहेर थांबा.”

मागच्या खोलीत एक पलंग, एक शिवणाचं मशीन आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढलेलं लाकडी कपाट होतं. फरशीवर कपाटाच्या पायांनी ताज्या रेघोट्या ओढल्या होत्या. भेग कपाटामागेच होती. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली, तिरकी, छताच्या कोपऱ्याकडे गेलेली. बाईंनी मोजायच्या आधी विचारलं, “नाना, ही कधीपासून आहे?”

“नवी आहे. पंधरा दिवस झाले असतील.”

“त्याआधी इथे काही नव्हतं? बारीकशी रेघही नाही?”

“काहीच नव्हतं, बाप्पा. भिंत कशी आरशासारखी होती. हे बाजूवाल्यांनी खड्डा खोदला नं, त्यानंच झालं सगळं. घर मजबूत आहे माझं. मी उभा राहून बांधून घेतलेलं आहे.”

तेच पंधरा दिवस. बाईंनी कान टवकारले. दोन माणसांची आठवण एका दिवसाने तरी मागेपुढे होते, बाप-लेकांची तर हमखास होते. इथे मात्र एकाच्या तोंडचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडात. मुलाने पढवलं असावं, त्यांना वाटलं. पण पढवलेला म्हातारा बंद दाराकडे असा चोरासारखा कशाला बघेल?

त्यांनी कार्ड लावलं. वर, छताजवळ, दोन मिलिमीटर. मध्ये एक. खिडकीच्या कोपऱ्याशी केस जाईल एवढी. वर रुंद आणि खाली अरुंद, म्हणजे घराचा तो कोपरा खाली बसत होता. भेगेच्या कडा पांढऱ्याशुभ्र आणि धारदार होत्या. धूळ नाही, कोळ्याचं जाळं नाही. ताजी भेग दिसावी तशी हुबेहूब. ओळंबा सोडून पाहिला, भिंत बाहेर झुकलेली नव्हती. बाहेर जाऊन पाहिलं तर तिथेही त्याच रेषेत भेग होती, म्हणजे नुसता गिलावा नव्हे, विटांतून आरपार.

मग त्या पत्र्याआडच्या खड्ड्याकडे गेल्या. तिथल्या सुपरवायझरने आधी हात आडवा केला. “मॅडम, अंदर नहीं जा सकते.”

“भैया, मकान गिरेगा तो सबसे पहले तुम्हीं को पूछेंगे,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

खड्डा आठ-नऊ फूट खोल होता. नानांच्या भिंतीपासून त्याची कड बारा फुटांवर. घराचा पाया साडेचार फूट तरी असणार. पायाचा भार जमिनीत जिथवर पसरतो ती पंचेचाळीस अंशांची रेघ पायाच्या तळापासून मनातल्या मनात खाली ओढली, तर खड्डा त्या रेघेच्या बाहेर राहत होता. म्हणजे बेत तसा सुरक्षित. पण कागदावरच्या हिशेबाला काळ्या मातीच्या भोपाळमध्ये फार भाव देऊ नये, हे त्या बत्तीस वर्षांत शिकल्या होत्या. कोपरा तर खड्ड्याच्याच बाजूचा बसत होता. आणि भेग खरोखर पंधरा दिवसांची असेल, तर जमीन त्या बेताला जुमानत नव्हती.

पण मे महिन्यात इथली काळी माती सुकून आक्रसते, तिच्यावरची घरं कोपऱ्याकोपऱ्यांतून खाली बसतात, भेगा उघडतात. पावसाळा सरता सरता माती फुगते आणि त्याच भेगा मिटतात. अशी घरं वर्षानुवर्षं उघडमीट करत उभी असतात. ही त्यातली असेल तर काळजी नाही. दोन्ही भेगा दिसायला सारख्या, दोन्ही तिरक्या, दोन्ही वर रुंद. फरक एकच, वयाचा. या घरात आज झोपायचं की नाही, हे आता सगळं एका उत्तरावर येऊन अडलं होतं, आणि ते उत्तर देणारे दोघेही बाईंना खोटे वाटत होते.

त्यांनी आशयला आत बोलावलं. नाना पलंगाच्या कडेला बसले होते, हात मांड्यांवर ठेवून, निकालाची वाट बघत असल्यासारखे.

“एक विचारते, स्पष्ट सांगा,” बाई आशयला म्हणाल्या. “लिहून कशाला हवंय तुम्हाला?”

आशयने मान खाली घातली. मग एकदम बोलायला लागला. “मार्चमध्ये बाबा बाथरूममध्ये पडले. दोन तास पडून होते. मला कुणी सांगितलं? शेजारच्या अंकलनी, आठ दिवसांनी! मी म्हणतो पुण्याला चला, तर नाही. माझ्या बायकोने, स्वरदाने सांगून पाहिलं, नाही. मग ही भेग दिसली काल. वाटलं, मला नाही म्हणतात, इंजिनिअरला कसं नाही म्हणतील?”

“म्हणजे भेग तुम्हाला सोयीची आहे.”

“तसं नाही, मॅडम... हो, आहे. यार, खोटं कशाला बोलू?”

“आणि पंधरा दिवस हे कुठून आलं?”

“बाबांनीच सांगितलं. तुम्ही सकाळी विचारलंत ना, म्हणून मी जाऊन त्यांना विचारलं.”

बाईंनी नानांकडे पाहिलं. म्हणजे मुलाने बापाला पढवलं नव्हतं. पंधरा दिवस मूळचे बापाचेच होते. आता इतका वेळ दाबून ठेवलेलं बोलावंच लागणार होतं, कारण ते लपवून कुणाला छताखाली झोपू देणं त्यांच्याच्याने झालं नसतं.

“मग ऐका,” त्या म्हणाल्या. “भेग पंधरा दिवसांची असेल तर ती खड्ड्यामुळे आहे आणि वाढतेय. अशा वेळी मी एकच सांगते. नाना, आज संध्याकाळपर्यंत घर सोडायचं.”

नानांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याखालचा पलंगच कुणी काढून घेतला. मग म्हणाले, “नवी नाही आहे ती.”

“काय?”

“जुनी आहे. लई जुनी. दर उन्हाळ्यात उघडते आणि पावसानंतर मिटते. मी बघतो नं दरवर्षी.”

आशय ताडकन उठला. “बाबा! आता खोटं बोलताय तुम्ही. आत्ताच म्हणालात नवी आहे. घर सोडावं लागेल म्हटल्यावर जुनी झाली?”

“खोटं तेव्हा बोललो. आता खरं सांगतोय.”

“हे तर प्रत्येक खोटा माणूस म्हणतो!”

“आशय!” बाई जरा मोठ्यानेच म्हणाल्या, पण मनातून त्यांनाही तेच वाटत होतं. म्हणून तर त्या नेहमी आधी विचारत आणि मत नंतर देत. एकदा माणसाला कळलं की कोणतं उत्तर त्याच्या बाजूचं, की त्याची आठवण त्या बाजूला कलते. आता नानांचा शब्द कवडीमोलाचा झाला होता, खरा असला तरीही. बाईंना त्यांची कीव आली आणि रागही आला. हा मनुष्य आधी घराची अब्रू वाचवायला खोटं बोलला. जुनी भेग म्हणजे घर मोडकळीला आलंय, मुलाला विकायला निमित्त. नवी भेग म्हणजे दोष शेजाऱ्याचा. इतका साधा हिशेब करून त्याने ज्या एका उत्तराने घर वाचलं असतं तेच गिळून टाकलं होतं.

“कुणी बोलू नका,” त्या म्हणाल्या. “मी भिंतीला विचारते.”

त्यांनी स्टूल मागितलं. आशयने स्वयंपाकघरातून आणलं. त्याच्या बसायच्या फळीवर पांढऱ्या सिमेंटचे वाळलेले थेंब होते, एकावर एक पडलेले. आशयने ते बघितले आणि स्टूल भिंतीशी ठेवलं.

बाई स्टुलावर चढल्या. टॉर्च आडवा, भिंतीला चिकटवून धरला. तिरक्या उजेडात सपाट दिसणारी भिंत एकदम उंचसखल झाली. भेगेच्या दोन्ही बाजूंना चार बोटं रुंदीचा पट्टा फुगीर दिसू लागला, हाताने लिंपलेला, वरून रंग फिरवलेला. ज्या कडा ताज्या वाटल्या होत्या त्या भिंतीच्या नव्हत्याच. त्या लिंपणाच्या होत्या. लिंपण अलीकडचं, फार तर वर्षभरातलं, म्हणून तडा ताजा.

पण लिंपण गेल्या वर्षीचं असलं म्हणजे भेगही जुनी, एवढंच ठरलं. किती जुनी? एक वर्षाची भेग आणि दहा वर्षांची भेग यांत फरक असतो. त्यांनी पातं आत घातलं आणि लिंपणाचा तुकडा हळूच उचकला. तो नखाएवढा पडला. त्याच्या मागे आणखी एक थर, जरा पिवळट. त्यामागे आणखी एक. झाडाच्या खोडात वर्षं मोजावीत तसे ते थर होते. बोटभर जागा मोकळी झाली तेव्हा भेगेची खरी, मूळ कड दिसली. बाई पुढे वाकल्या. गिलाव्याच्या आतल्या अंगाला, भेगेच्या अगदी पोटात, हिरवा रंग ओघळून वाळलेला होता.

“आशय, इकडे या. हा रंग ओळखता?”

तो स्टुलाजवळ आला, टाचा उंचावून त्याने बघितलं. पोपटी हिरवा. क्रीम रंगाच्या खाली कुठेच न दिसणारा, फक्त त्या फटीत उरलेला.

“हा आईने निवडलेला,” तो हळू आवाजात म्हणाला. “माझ्या लग्नात. अख्ख्या घराला पोपटी. स्वरदा पहिल्यांदा आली तेव्हा हसू दाबून बसली होती.”

“साल?”

“दोन हजार बारा.”

“रंग भिंतीच्या तोंडावर लागतो,” बाई म्हणाल्या. “तो भेगेच्या पोटात तेव्हाच जातो, जेव्हा रंग देताना भेग तिथे असते. तुमच्या लग्नाच्या वेळी ही भेग होती. त्यानंतर ही दर उन्हाळ्यात उघडलीय आणि कुणीतरी दरवर्षी बुजवलीय.”

आशय वडिलांकडे वळला. “तुम्ही?”

नाना जमिनीकडे बघत होते. “दिवाळीच्या आधी. तू यायच्या आधी.”

“दरवर्षी?”

“एकदा तू आला होता, तेरा साली, तेव्हा किचनमध्ये साधी रेघ दिसली तुला. केसाएवढी. तू म्हणाला, ‘बाबा, हे घर आता गेलं, विकून टाकू.’ सुमन, तुझी आई, दोन दिवस जेवली नाही. मग मी ठरवलं, तुला रेघ दिसायलाच नको.” त्यांनी भिंतीकडे हात केला. “दिवाळीत ती मिटलेलीच असते जवळजवळ. वरून हात फिरवला की झालं. तू उन्हाळ्यात कधी येतच नाही नं. या वेळी आला, न सांगता. कपाट ओढून ठेवलं मी, पण तू चार्जरचा पॉइंट शोधत मागे गेला.”

“या स्टुलावर चढत होतात? गेल्या वर्षीसुद्धा? गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर?”

आशय मटकन पलंगावर बसला, वडिलांच्या शेजारी, पण त्यांच्याकडे न बघता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो भयंकर चिडलेला होता. तेरा वर्षांपूर्वी सहज बोललेलं एक वाक्य त्याला आठवतही नव्हतं. त्या वाक्याला घाबरून एक म्हातारा दरवर्षी स्टुलावर चढत होता.

बाई खाली उतरल्या. एवढ्यात विरघळायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “हे बघा, घर आज सोडायची गरज नाही. पण भेग जुनी म्हणून खड्डा निर्दोष ठरत नाही. तो इकडे एक फूटही सरकता कामा नये, ते मी त्यांना लिहून कळवते. घराभोवतीचा सिमेंटचा पट्टा पावसाआधी नीट करून घ्या, पाणी पायात मुरायला नको. आणि नाना, लिंपण बंद. या भिंतीला आता उघडं राहू दे. बुजवलेली भेग मोजता येत नाही, आणि मोजली नाही तर ती उद्या कशी वागेल हे मलाही सांगता येणार नाही.”

त्यांनी पिशवीतून काचेच्या दोन पातळ पट्ट्या काढल्या. त्या भेगेवर आडव्या चिकटवल्या, एक वर, एक मध्ये. भेग थोडी जरी हलली तरी काच तडकणार. शेजारी भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक बारीक फुली काढली आणि खाली तारीख घातली.

“आता वर्षभर नजर ठेवायची. पावसात मिटली आणि पुढच्या मेमध्ये इतकीच उघडली, तर हे घर नानांना पुरून उरेल. आजच्यापेक्षा जास्त उघडली, तर मी स्वतः येऊन यांना बाहेर काढीन, तेव्हा कुणाचं ऐकणार नाही. महिन्यातून एकदा या दोन फुल्यांमधली भेगेची रुंदी मोजायची. त्याच जागी, याच कार्डाने.”

“मी मोजतो नं,” नाना घाईने म्हणाले.

“या कार्डावरची रेघ वाचून दाखवा.”

नानांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. एका डोळ्यात मोतीबिंदू होता. अर्ध्या मिलिमीटरची रेघ त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

“दरवेळी एकाच माणसाने मोजायला हवं,” बाई म्हणाल्या. “हात बदलला की आकडा बदलतो. फोटो पाठवून चालणार नाही, माझा फोटोंवर विश्वास नाही.” आणि त्यांनी कार्ड आशयच्या हातात दिलं.

आशय त्या प्लास्टिकच्या तुकड्याकडे बघत राहिला. “म्हणजे मला दर महिन्याला...?”

“तारीख तुम्ही ठरवा. मला आकडा कळवायचा.”

एकाच माणसाने मोजावं हे खरं होतं. पण कोलार रोडवरच्या आपल्या घरून मिसरोदला यायला बाईंना अर्धा तास पुरत होता, आणि शेजारचे ते अंकलही मोजू शकले असते. बत्तीस वर्षांत त्यांनी लोकांकडून सगळं खरं वदवून घेतलं, स्वतः मात्र आज गप्प बसल्या. नाना त्यांच्याकडे टक लावून बघत होते. आयुष्यभर कचेरीत बसून कागदामागचा कागद ओळखलेला माणूस होता तो.

“मॅडम, तुम्ही कुठं राहता म्हणाल्या?”

“मी काही म्हणाले नाही.”

नानांनी हळूच मान हलवली. बाई पिशवी आवरू लागल्या. आशयने फोनवर पुढच्या महिन्याच्या गाड्या बघायला घेतल्या होत्या. दारापर्यंत नाना पोचवायला आले, उंबऱ्याशी थांबले, मागे वळून मुलाला ऐकू जात नाही ना याची खात्री केली आणि मग खालच्या आवाजात विचारलं,

“महिन्यातून एकदा पुरेल नं, मॅडम? भेग मोठी आहे तशी. पंधरा दिवसांनी मोजली तर जास्त बरं नाही का?”